मीटर ब्रिजची टोकं: एका 4.3 ओहमच्या कॉइलची गोष्ट

मीटर ब्रिजवर अज्ञात रोध काढण्याचा प्रयोग बारावीत बहुतेकांनी केलेला असतो. डाव्या गॅपमध्ये अज्ञात रोध X, उजव्या गॅपमध्ये रेझिस्टन्स बॉक्समधला माहीत असलेला रोध R, मधल्या पट्टीवरून गॅल्व्हानोमीटर आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला जॉकी. तारेवर ज्या जागी काटा हलत नाही तो नल पॉइंट. तिथपर्यंतची तारेची लांबी l सूत्रात घातली की उत्तर हाती. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षी हाच प्रयोग ‘एंड करेक्शनसह’ एवढी शेपटी लावून समोर आला, तेव्हा आमच्या बॅचला वाटलं तासाभरात उरकेल.

माझ्या वाट्याला लेबल खरवडून काढलेली एक कॉइल आली होती. बारावीत आम्ही तीन-चार रीडिंग घ्यायचो, X काढायचो, सरासरी मांडायचो आणि वही पुढे सरकवायचो. या वेळी मॅडमनी एकच अट घातली होती: नल पॉइंट मध्यावर यायलाच हवा असं नाही, तारेच्या लांब-लांबच्या जागी येईल असे R निवडा. मी बॉक्समधून 2, 4, 10 आणि 20 ओहम घेतले. नल पॉइंट अनुक्रमे 68.6, 52.0, 30.0 आणि 17.4 सेंटिमीटरवर आले. नेहमीच्या सूत्राने X काढला,

```
X = R · l / (100 − l)
```

तर उत्तरं आली 4.37, 4.33, 4.29 आणि 4.21 ओहम.

सरासरी 4.30. वहीत छान दिसली असती. पण मॅडमनी सरासरीकडे पाहिलंच नाही. “हे आकडे क्रमाने वाच,” म्हणाल्या. वाचल्यावर लक्षात आलं की R वाढत जातो तसा X एकसारखा उतरत जातो. हात चुकल्याने किंवा डोळा चुकल्याने येणारी चूक कधी वर नेते, कधी खाली. ती अशी रांगेत उतरत नाही. माझं वाचन मिलिमीटरभर इकडेतिकडे झालं असेल तर मध्यावर X मध्ये 0.4 टक्के फरक पडतो. इथे पहिल्या आणि शेवटच्या उत्तरात जवळजवळ 4 टक्क्यांचं अंतर होतं. म्हणजे ब्रिजमध्येच असं काही होतं जे सूत्रात नव्हतं.

सूत्र असं धरून चालतं की डाव्या हाताचा रोध म्हणजे शून्यापासून जॉकीपर्यंतची तार, आणि बाकी काही नाही. प्रत्यक्षात तार तांब्याच्या जाड पट्टीला स्क्रूखाली दाबलेली किंवा डाग देऊन जोडलेली असते. त्या जोडाचा थोडा रोध डाव्या हातात मिसळतो, थोडा उजव्या हातात. हे रोध तारेच्या लांबीत मोजायचे: डावीकडे α सेंटिमीटर जादा तार आहे असं समजायचं, उजवीकडे β सेंटिमीटर. मग सूत्र होतं

```
X / R = (l + α) / (100 − l + β)
```

या दुरुस्तीला तांब्याच्या पट्टीच्या रोधाची दुरुस्ती म्हणतात, त्यामुळे माझा समज असा की दोष पट्टीचा. मग सहज हिशोब करून पाहिला. आमच्या ब्रिजची पट्टी अंदाजे 10 सेंटिमीटर लांब, 2 सेंटिमीटर रुंद, दीड मिलिमीटर जाड. तांब्याची एवढी पट्टी म्हणजे 0.00006 ओहमच्या आसपास. आमची तार मँगॅनिनची, मीटरभर तारेचा रोध सुमारे 4 ओहम, म्हणजे सेंटिमीटरला 0.04. पट्टीचा रोध तारेच्या दीड शतांश मिलिमीटरएवढाच भरतो! तो कुणाच्याही मोजपट्टीवर दिसणार नाही. तेव्हा α आणि β पट्टीतून येत नाहीत. ते तार आणि पट्टी जिथे भेटतात त्या जोडातून येतात: काळवंडलेला पृष्ठभाग, सैल स्क्रू, अर्धवट धरलेला डाग. शिवाय एक साधी गोष्ट आहे, मोजपट्टीचा शून्य आणि तारेची खरी सुरुवात एकाच जागी असतील असं नाही. आमच्या ब्रिजवर वाकून पाहिलं तर शून्याच्या अलीकडे दोनेक मिलिमीटर तार मोकळी दिसत होती. तीही α मध्येच जमा होते.

मला आधी वाटलं होतं की गॅप बदलून सरासरी घेतली की हे सगळं मिटेल. बारावीत तसंच शिकवतात आणि मध्यावर ते चालतंही. R = 4 ला मी X उजव्या गॅपमध्ये टाकला, नल पॉइंट 48.3 आला, X 4.28. आधीच्या 4.33 शी सरासरी 4.31, झकास. पण R = 20 ला अदलाबदल केली तर नल पॉइंट 82.9 आणि X 4.13. त्याच्या जोडीचा आधीचा 4.21. दोन्हींची सरासरी 4.17, म्हणजे आणखी खाली. अदलाबदलीने α आणि β मधला फरक पुसला जातो, त्यांची बेरीज नाही. दोन्ही टोकांना जादा तार असेल तर लहान हात दोन्ही वेळा खऱ्यापेक्षा आखूडच वाचला जातो. मध्यापासून दूर गेलं की अदलाबदल पुरत नाही, α आणि β मोजावेच लागतात.

त्यासाठी दोन्ही गॅपमध्ये माहीत असलेले रोध घालायचे. डावीकडे P, उजवीकडे Q, नल पॉइंट l₁. मग दोघांची जागा बदलायची, नल पॉइंट l₂. दोन समीकरणं सोडवली की

```
α = (Q·l₁ − P·l₂) / (P − Q)
β = (P·l₁ − Q·l₂) / (P − Q) − 100
```

P आणि Q सारखे घेतले तर छेदात शून्य येतं, आणि त्याला कारण आहे. तेव्हा दोन्ही वेळा नल पॉइंट एकाच जागी, मध्याच्या जवळ येतो आणि त्यातून फक्त β आणि α चा फरक कळतो. गुणोत्तर जितकं मोठं तितकं चांगलं. 2:1 घेतलं तर l₂ मधली एक मिलिमीटरची चूक α मध्ये दोन मिलिमीटर होऊन बसते, 10:1 ला ती एक मिलिमीटरच्या थोडी वर राहते. म्हणून P = 10 आणि Q = 1. माझ्या बॉक्समधून 10 ओहम घेतले आणि 1 ओहमसाठी शेजारच्या टेबलावरचा बॉक्स आणला.

l₁ आला 91.1, l₂ आला 9.2. α निघाला −0.1 आणि β 0.2.

जादा तार ऋण कशी असेल? मोजपट्टीचा शून्य तारेच्या सुरुवातीच्या बाहेर सरकलेला असेल तर α ऋण येऊ शकतो, पण आमच्या पट्टीवर तर उलटं होतं. मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, “बेरीज कर. पट्टी सरकली असेल तर α जितका कमी तितका β जास्त येईल, बेरीज हलणार नाही. बेरीजच संशयास्पद वाटत असेल तर P नाहीतर Q खोटं बोलतोय.” बेरीज 0.1. एवढे काळे जोड असलेल्या ब्रिजला ही फारच थोडी होती, आणि एवढ्या थोड्या बेरजेतून माझा तो उतरता X येणं शक्य नव्हतं.

आमच्या लॅबचे मामा हे ऐकत होते. त्यांनी शेजारच्या टेबलावरून आणलेल्या बॉक्सचा एक प्लग दोन बोटांनी उचलला, अलगद वर आला. “ताई, हे नुसते ठेवलेत. दाबून पिळायचे असतात.” प्लगवाल्या बॉक्समध्ये ज्याचा प्लग काढला ती कॉइल सर्किटमध्ये येते, पण बाकीचे सगळे बसवलेले प्लगही त्याच वाटेवर असतात. प्रत्येक सैल प्लग थोडासा रोध घालतो. 10 ओहममध्ये तो जाणवत नाही. 1 ओहममध्ये 0.06 ओहम वाढले तर ते सहा टक्के झाले, आणि माझे आकडे नेमके तेवढ्यानेच बिघडले होते. मामांनी सगळे प्लग काढून फडक्याने पुसले आणि मी एकेक पिळून बसवले.

आता l₁ 91.6, l₂ 8.7.

```
α = (1 × 91.6 − 10 × 8.7) / 9 = 4.6 / 9 ≈ 0.5
β = (10 × 91.6 − 1 × 8.7) / 9 − 100 ≈ 0.8
```

खात्रीसाठी 20 आणि 2 ओहम घेऊन परत पाहिलं. गुणोत्तर तेच, पण प्लगचा उरलासुरला रोध असेलच तर 2 ओहममध्ये त्याचं वजन निम्मं. नल पॉइंट मिलिमीटरच्या आत तिथेच आले, म्हणजे बॉक्स आता ठीक होता. रोध वाढवला की गॅल्व्हानोमीटरचा काटा सुस्त होतो, त्यामुळे याहून मोठे घेण्यात अर्थ नव्हता. जॉकी मात्र तारेवर घासत न्यायची नाही, उचलून टेकवायची. तार एका जागी घासून बारीक झाली की तिथल्या सेंटिमीटरचा रोध बदलतो, आणि त्याला कुठलंही एंड करेक्शन नाही.

मग पहिली चार रीडिंग परत सूत्रात घातली. R = 2 ला (68.6 + 0.5) भागिले (31.4 + 0.8), गुणिले 2, म्हणजे 4.29. R = 4 ला 4.30, R = 10 ला 4.31, R = 20 ला 4.29. उतार गेला, आकडे वरखाली झाले, जसे व्हायला हवेत. सरासरी 4.30.

दुरुस्तीआधीचीही सरासरी 4.30 च होती, हे बॅचमधल्या एकाने लगेच बोलून दाखवलं. खरं आहे, पण तो योगायोग होता: मी घेतलेल्या चार R पैकी दोन एका बाजूला चुकले आणि एक दुसऱ्या बाजूला बराच जास्त. 10 आणि 20 च घेतले असते तर 4.25 लिहून घरी गेले असते.

α मध्येच एक मिलिमीटरची शंका उरते, हेही धरायला हवं. 17.4 सेंटिमीटरवर त्याने X अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त हलतो, मध्यावर 0.2 टक्के. म्हणून दुरुस्ती केली तरी शेवटच्या उत्तरासाठी मी मध्याजवळच्या रीडिंगवर जास्त भरवसा ठेवला आणि वहीत 4.30 ± 0.02 ओहम लिहिलं. टोकाचा रोध मुळातच मोजणीत येऊ नये असं वाटत असेल तर कॅरी फोस्टर ब्रिज आहे. त्यात दोन रोधांमधला फरक काढतात आणि टोकं आपोआप कटतात. तो आम्हाला पुढच्या सत्रात आहे.

निघायच्या आधी मी उजव्या टोकाचा स्क्रू जरा आवळून पाहिला आणि l₁, l₂ परत घेतले. 91.2 आणि 8.7. β 0.8 वरून 0.4 वर उतरला, α जवळजवळ जागेवर. त्यामुळे आमच्या टेबलावरच्या पुढच्या बॅचला माझे α, β देऊन उपयोग नव्हता, त्यांना ते नव्याने काढावे लागले.