बोटाला कळते ते कागदावर

"आमचे जुने ऑपरेटर डोळे मिटून मशीन चालवतात, पण नव्या मुलाला शिकवा म्हटले की अडतात. त्यांना शिकवायला कसे शिकवायचे?"

तुम्ही विचारलंत म्हणून रत्नागिरीकडच्या आंबा कॅनिंगमधल्या एकाच मशीनवरून सांगतो. पल्पच्या डब्याला झाकण बसवणारे ते सीमर. त्यातला चक झाकण आतून धरून ठेवतो, पहिला रोल झाकणाची कड डब्याच्या काठाभोवती वळवतो आणि दुसरा ती घडी दाबून घट्ट करतो; ही घडी म्हणजेच सीम. मुरलेला ऑपरेटर डबा बाहेर काढताना सीमवरून आतून आणि बाहेरून बोट फिरवतो आणि मशीन चालू ठेवायचे की थांबवायचे हे त्याच क्षणी ठरवतो. काय पाहिलेत असे विचारले तर तो म्हणतो, "सीम बरी आहे ना, ते बघितले." हाताला ते इतके सवयीचे झालेले असते की तो त्याला वेगळे काम मानतच नाही, आणि म्हणून शिकवताना नेमके तेच गाळतो.

त्यामुळे माझ्या मते सुरुवात बोलण्याच्या कलेपासून करू नये, कामाच्या फोडीपासून करावी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कारखान्यांतल्या नव्या कामगारांना घडवण्यासाठी जी पद्धत बसवली गेली, तिचा पाया हाच होता. एका कागदावर तीन रकाने आखायचे: टप्पा, त्यातली कळीची गोष्ट आणि तिचे कारण. ऑपरेटरने काम सावकाश करायचे आणि सीमरचा गंध नसलेल्या कोणीतरी शेजारी उभे राहून प्रत्येक हालचालीला "का?" विचारायचे. जाणकार माणूस हे प्रश्न विचारतच नाही, म्हणून शेजारी तो नको.

"काका, काठ का पुसलात?"

"रस राहिला तर घडीत अडकतो. मग सीमखाली बाहेर जीभ लोंबते."

"आणि आतून बोट कशाला?"

"नख अडकले तर धार आली म्हणायची. पत्रा चकाच्या कडेवर चढलेला असतो. चक झिजला असेल, नाहीतर रोल जास्त घट्ट झाला असेल."

एवढ्या बोलण्यात दोन रकाने भरतात. काम बिघडवणारे, इजा करणारे किंवा सोपे करणारे तेवढेच कळीचे म्हणून लिहावे आणि टप्पे सात-आठांच्या पुढे जाऊ देऊ नयेत. कागद लांबला तर ऑपरेटरने आपले सगळे ज्ञान त्यात ओतले आहे असे समजावे. रोलची सेटिंग त्यात येता कामा नये, तो नव्या माणसाचा पहिला धडा नव्हे.

मग त्याला शिकवण्याची तालीम द्यावी. आधी तो फक्त टप्पे सांगत काम करून दाखवील, दुसऱ्या वेळी कळीच्या गोष्टी जोडील आणि तिसऱ्या वेळी कारणे. त्यानंतर शिकणारा त्याच क्रमाने करील: आधी नुसते काम, मग टप्पे बोलत, मग कळीच्या गोष्टी आणि कारणे सांगत. इथेच जुने हात फसतात. शिकणारा जरा अडखळला की काका त्याच्या हातातला डबा काढून घेतात आणि "असे, असे" म्हणत स्वतःच करून मोकळे होतात. तालमीच्या वेळी मी काकांना हात पाठीमागे बांधायला लावतो आणि चूक शब्दांनीच दुरुस्त करायला सांगतो. शेवटी "कळले ना?" असे विचारू देत नाही, कारण त्या प्रश्नाला कोणीही "हो" म्हणते. त्याऐवजी "काठ पुसला नाही तर काय होईल?" असे विचारायचे.

हे सगळे मार्चमध्येच उरकावे. हंगामात गरम पल्प थांबत नाही आणि लाइनवर उभे राहून कोणाला शिकवणे होत नाही. पाणी भरलेल्या डब्यांवर सराव चालतो, पण पाण्याने काठ चिकट होत नाही, म्हणून पुसण्याचा टप्पा गेल्या वर्षीचा थोडा पल्प घेऊनच शिकवावा. सेटिंगच्या वेळी बिघडलेले डबे फेकू नयेत. एक चांगला, एक धारेचा आणि एक जीभ लोंबलेला, असे डबे मिसळून शिकणाऱ्यापुढे ठेवावेत. त्याने डोळे मिटून बोटाने ते वेगळे केले आणि कारणे सांगितली, तर काकांची शिकवणी उतरली. नाही जमले, तर काय गाळले ते कागदावर शोधावे, मुलावर चिडू नये.

एक मर्यादा मात्र काकांनी स्वतःच्या तोंडाने सांगायला हवी. झाकणाची आणि डब्याची आत वळलेली कडी एकमेकींत अडकलेली नसतानाही सीम बाहेरून बरी दिसू शकते, आणि तो दोष बोटाला लागेलच असे नाही. त्यासाठी ठरावीक वेळाने डब्याची सीम कापून, उलगडून आतल्या कड्या मापाव्या लागतात. स्वतःच्या बोटावर वर्षानुवर्षे विसंबलेल्या माणसाला हे शिकवायला जड जाते. म्हणून पहिली सीम त्याच्याच हाताने कापायला लावतो, आणि मापे तो नव्या मुलाकडून वहीत लिहून घेतो.