हशा कलाकाराच्या आधी येऊ नये म्हणून

आर्णी तालुक्यातल्या आमच्या गावाजवळ, कापूस वेचणीच्या दिवसांत, ओळखीच्या मुलांनी एक छोटा हिंदी चित्रपट चित्रित केला आणि त्याचे इंग्रजी सबटायटल माझ्याकडे आले, कारण मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. भाषांतर जमेल, याची मला खात्री होती. मात्र या कामात भाषांतराइतकाच वेळेचाही हिशेब असतो, हे मला एका सावकाराच्या संवादाने शिकवले.

सावकार शेतकऱ्यासमोर हात जोडून म्हणतो, “देखो भाई, भगवान की कसम, आज तक मैंने किसी का एक पैसा नहीं रखा।” मग सव्वा सेकंद थांबून तो म्हणतो, “जिसका रखा, पूरा रखा।” पहिल्या वाक्याला चार सेकंद लागतात आणि दुसऱ्याला दीड. इंग्रजी सबटायटलसाठी एका ओळीत ४२ अक्षरे आणि एका वेळी दोनच ओळी, अशी सर्वसाधारण मर्यादा असते, आणि प्रौढ प्रेक्षक सेकंदाला साधारण १७ ते २० अक्षरे वाचतो, असे धरतात. त्यात मोकळ्या जागा आणि विरामचिन्हेही मोजली जातात. मी केलेले पहिल्या वाक्याचे शब्दशः भाषांतर १०० अक्षरांचे झाले, म्हणजे सेकंदाला २५ अक्षरे. Subtitle Edit या मोफत प्रोग्राममध्ये मी १७ ची मर्यादा घातली होती, त्यामुळे तो आकडा लगेच लाल झाला.

मग मी शपथ गाळली आणि दोन्ही वाक्ये एकाच सबटायटलमध्ये, दोन ओळींत बसवली:

```
I never kept one paisa of anyone's money.
I kept it all.
```

अक्षरे मर्यादेत होती, लाल रंगही गेला, आणि मला काम झाले असे वाटले. दिवाळीला वहिनी आल्या. त्या मूळच्या चेन्नईच्या, हिंदी त्यांना येत नाही, म्हणून मी त्यांना हा प्रसंग दाखवला आणि पडद्याऐवजी त्यांचा चेहरा पाहत बसले. सावकाराने पहिले वाक्य संपवण्याआधीच त्या हसल्या. त्यांनी दोन्ही ओळी वाचून टाकल्या होत्या, आणि कलाकाराने इतक्या कष्टाने घेतलेला थांबा त्यांच्यासाठी नुसती रिकामी जागा उरला होता.

म्हणून मी सबटायटल त्या थांब्यापाशीच तोडले. दुसरी ओळ मोकळी झाल्यामुळे शपथही परत घेता आली, आणि ती हवीच होती, कारण शपथ जितकी गंभीर, तितकी पुढची कलाटणी जोरात बसते:

```
1
00:12:04,200 --> 00:12:08,200
I swear to God, I've never kept
one paisa of anyone's money.

2
00:12:09,450 --> 00:12:11,450
I kept it all.
```

पहिल्या वाक्याच्या शेवटी मी पूर्णविरामच ठेवला. तिथे तीन टिंबे दिली असती, तर पुढे काहीतरी येणार आहे हे प्रेक्षकाने ताडले असते आणि सावकारावर क्षणभरही विश्वास ठेवला नसता. “भाई” गाळले, कारण तो कोणाशी बोलतो ते दिसतेच. “पैसा” मात्र तसाच ठेवला, कारण तो शब्द प्रेक्षकाला स्पष्ट ऐकू येतो आणि ऐकलेला शब्द खाली दिसला नाही, तर मन तिथे अडते. दुसरे सबटायटल बोलणे संपल्यावर आणखी अर्धा सेकंद ठेवले आहे, पण शेतकऱ्याचा चेहरा दिसण्याच्या दोन फ्रेम आधी ते जाते. दृश्य बदलूनही ओळ तशीच राहिली, तर नवी ओळ आली असे समजून डोळे ती पुन्हा वाचतात, असे मानतात.

हिंदीत क्रियापद शेवटी येते आणि अनेकदा विनोद त्याच क्रियापदात दडलेला असतो, ही दुसरी अडचण. “मास्टरजी को सरपंच ने हार पहनाकर, ढोल बजाकर, निकाल दिया।” सरळ इंग्रजी वाक्यात हकालपट्टी हारांच्या आधी येते आणि मजा जाते. सरपंच हातात हार घेऊन समोरच उभा असल्याने मी त्याला शब्दांतून काढले आणि वाक्य असे मोडले:

```
They garlanded Master-ji, beat the drums,

and threw him out.
```

मधली रिकामी ओळ म्हणजे इथे दुसरे सबटायटल सुरू होते, “निकाल” हा शब्द तोंडातून निघतो त्याच फ्रेमवर.

एक गोष्ट मात्र मला साधली नाही. सावकार शुद्ध हिंदी बोलतो आणि शेतकरी आपल्याकडची वऱ्हाडी वळणाची, “मेरेको”, “तेरेको” म्हणणारी. आमच्या गावात त्या फरकावरच लोक सर्वांत जास्त हसले. मी शेतकऱ्याला मोडके इंग्रजी देऊन पाहिले, तेव्हा वहिनींनी विचारले, “हा माणूस मंद आहे का?” त्याच रात्री मी त्याच्या सगळ्या ओळी साध्या, नीट इंग्रजीत परत लिहिल्या. तो चित्रपटातला सर्वांत हुशार माणूस आहे.