तुम्ही विचारलंत म्हणून: छापील बातमी रेडिओच्या अर्ध्या मिनिटात

‘वर्तमानपत्रातली तीनशे शब्दांची बातमी तुम्ही अर्ध्या मिनिटात कशी बसवता? आम्ही वाक्यं खोडत जातो, पण वाचून पाहिलं की ऐकवत नाही.’

खोडत जाता म्हणूनच ऐकवत नाही. छापील बातमीची वाक्यं डोळ्यांसाठी बांधलेली असतात. त्यातली निम्मी काढली, तरी उरलेली निम्मी डोळ्यांसाठीच राहतात. म्हणून बातमी दोनदा वाचायची, आकडे आणि नावं कागदाच्या कडेला टिपायची, मूळ मजकूर पालथा घालायचा आणि बातमी नव्यानं सांगायची. शेवटी मूळ मजकूर उघडून फक्त टिपलेले तपशील ताडून पाहायचे.

आधी मोजमाप. मराठी बातम्या सावकाश, स्पष्ट वाचल्या, तर मिनिटाला साधारण ११० ते १२० शब्द होतात. आपली विभक्ती शब्दालाच चिकटते, ‘नदीकाठच्या’ हा एकच शब्द मोजला जातो. त्यामुळे इंग्रजी बातमीपत्राचा शब्दांचा हिशेब इथे लावला, की वेळ हमखास चुकते. तुमचा वाचक कोण आहे ते ठरवा, त्याला एक पानभर मजकूर वाचायला लावा, घड्याळ लावा आणि त्याचा स्वतःचा आकडा काढा. अर्ध्या मिनिटाला ५५ ते ६० शब्द धरून चालायला हरकत नाही.

आता एक नमुना घेऊ. बातमी रचलेली आहे, म्हणून धरणाचं आणि नदीचं नाव घातलेलं नाही. खऱ्या स्क्रिप्टमध्ये ते पहिल्या वाक्यातच हवं. बुधवारच्या अंकात बातमीची सुरुवात अशी आहे:

‘जिल्ह्याच्या पश्चिम भागात गेल्या तीन दिवसांपासून सुरू असलेल्या मुसळधार पावसामुळे धरणातील पाणीसाठा ९२.४७ टक्क्यांवर पोहोचल्याने मंगळवारी दुपारी तीन वाजता धरणाचे सहा दरवाजे प्रत्येकी अर्ध्या फुटाने उघडून नदीपात्रात १२ हजार ३५० क्युसेक वेगाने विसर्ग सुरू करण्यात आला असून, पावसाचा जोर कायम राहिल्यास विसर्ग वाढविण्यात येणार असल्याची माहिती जलसंपदा विभागाच्या कार्यकारी अभियंत्यांनी दिली.’

५१ शब्द आणि एकच वाक्य. पुढे गेल्या वर्षीच्या साठ्याशी तुलना, धरणाची एकूण क्षमता, कोणकोणत्या अधिकाऱ्यांनी पाहणी केली आणि एका लोकप्रतिनिधीची प्रतिक्रिया आहे. अगदी शेवटच्या परिच्छेदात तीन गोष्टी आहेत: नदीकाठच्या लोकांनी पात्रात उतरू नये, जनावरं सुरक्षित ठिकाणी हलवावीत, आणि नदीवरचा जुना पूल बंद असून वाहतूक बाह्यवळणानं वळवली आहे.

रेडिओची बातमी तिथून, त्या शेवटच्या परिच्छेदातून सुरू होते. सकाळी सातला रेडिओ लावून गोठ्यात उभा असलेला माणूस ऐकतोय, हे धरून चाला. त्याला आज काय करायचं हे आधी कळू द्या, साठा किती टक्के ते नंतर. तुलना, क्षमता, पाहणी आणि प्रतिक्रिया पूर्ण जातात. लोकप्रतिनिधीची प्रतिक्रिया काढताना हात थोडा अडखळतो, पण तिच्यात नवी माहिती नसेल, तर तिला जागा नाही.

लिहिण्याआधी एक काम उरतं, आणि नवशिके तेच विसरतात. बातमी मंगळवारी संध्याकाळी लिहिलेली आहे आणि तुम्ही ती बुधवारी सकाळी वाचणार आहात. दरम्यान पाऊस रात्रभर पडला असेल, तर १२ हजार ३५० हा आकडा शिळा झालेला असू शकतो. नियंत्रण कक्षाला फोन करा, विसर्ग आत्ता किती आहे ते विचारा आणि वेळ टिपून ठेवा. फोन लागला नाही, तर ‘काल दुपारी’ असं स्पष्ट म्हणा. ‘सध्या’ हा शब्द वापरायचा हक्क फोन झाल्यावरच मिळतो. नमुन्यापुरतं धरू, की विसर्ग तेवढाच आहे आणि पूलही अजून बंदच आहे.

वेळेच्या शब्दांत आणखी एक खड्डा आहे. छापील ‘मंगळवारी’ तसंच उचललं, तर ऐकणारा आज कोणता वार ते आठवत बसतो आणि तेवढ्यात पुढचं वाक्य निसटतं. ‘काल’, ‘आज’, ‘उद्या’ करा. ‘परवा’ मात्र टाळा: आपल्याकडे परवा मागेही असतो आणि पुढेही. तिथे वार आणि तारीख दोन्ही सांगा.

वाक्य तोडायचं कुठे, हे मराठीत शोधणं सोपं आहे. ‘असलेल्या’, ‘पोहोचल्याने’, ‘उघडून’, ‘असून’, ‘राहिल्यास’ हे शब्द जिथे आले, तिथे एक स्वतंत्र वाक्य गिळलेलं आहे. प्रत्येक ठिकाणी विचारायचं: हे वाक्य हवंय का? हवं असेल, तर त्याला स्वतःचं क्रियापद द्या. आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे लांब वाक्यात ऐकणाऱ्याला काय झालं हे कळायला पूर्णविरामापर्यंत थांबावं लागतं, आणि तोवर कर्ता कोण होता हे तो विसरतो. दहा-बारा शब्दांत वाक्य संपलेलं बरं. पंधराच्या पुढे गेलं, की वाचणाऱ्याचा श्वास नको तिथे तुटतो.

क्रियापद शेवटी, तसा नकारही शेवटी येतो. ‘पात्रात उतरू नये’ यातला ‘नये’ खरखरीत बुडाला किंवा वाचणाऱ्याचा आवाज वाक्याच्या शेवटी पडला, तर उरतं ‘पात्रात उतरू’. म्हणून सूचना शक्यतो होकारी क्रियापदात: ‘पात्रापासून दूर राहावं’. ‘पाणी येणार नाही’च्या ऐवजी ‘पाणीपुरवठा बंद राहील’. हा नियम सगळीकडे ताणू नका, ‘मृत्यू झालेला नाही’ हे तसंच म्हणावं लागतं. पण तेव्हा वाक्य लहान ठेवा आणि ‘नाही’च्या आधी किंचित थांबा.

आकड्यांवर जरा जास्त वेळ घालवतो, कारण चुका तिथेच होतात. मराठीत एक ते शंभर प्रत्येक आकड्याला वेगळं नाव आहे आणि बरीच नावं कानाला सख्खी भावंडं वाटतात. सात आणि साठ, सतरा आणि सत्तर, एकोणसाठ आणि एकोणसत्तर. वाचताना ६९ अंकात दिसला, की चांगला वाचकही क्षणभर अडखळतो, म्हणून स्क्रिप्टमध्ये आकडा अक्षरात लिहा: एकोणसत्तर. दशांश जवळपास कधीच लागत नाही. ९२.४७ टक्के म्हणजे ऐकणाऱ्यासाठी ‘नव्वद टक्क्यांहून अधिक’.

गोल करताना आपल्याकडे सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, साडे अशी तयार हत्यारं आहेत, कानाला ती पटकन कळतात. पण हिशेब नीट करा. १२ हजार ३५० ला ‘साडेबारा हजार’ म्हटलं, तर दीडशे वाढले. ‘सव्वाबारा’ म्हटलं, तर शंभर कमी झाले. इथे ‘बारा हजारांहून अधिक’ हेच प्रामाणिक. मृतांची संख्या, मतांचा फरक, दर आणि वेळ मात्र गोल करायची नाही. क्युसेक बदलून ‘सेकंदाला इतके घनफूट’ करावं, असं काही जण सुचवतात. मला ते पटत नाही. नदीकाठचा माणूस पुराचा अंदाज क्युसेकमध्येच बांधतो.

आता स्क्रिप्ट. एक तिरकी रेघ म्हणजे छोटा थांबा, दोन रेघा म्हणजे श्वास.

‘धरणाचे सहा दरवाजे उघडे आहेत आणि नदीत पाणी सोडणं आज सकाळीही सुरू आहे. // नदीकाठच्या लोकांनी पात्रापासून दूर राहावं / आणि जनावरं उंचावर हलवावीत, असं आवाहन जिल्हा प्रशासनानं केलं आहे. // नदीवरचा जुना पूल वाहतुकीसाठी बंद आहे. / वाहनांनी बाह्यवळण रस्त्यानं जावं. // धरण नव्वद टक्क्यांहून अधिक भरलं आहे. / सध्या बारा हजारांहून अधिक क्युसेक पाणी सोडलं जात आहे. // पावसाचा जोर टिकला, / तर हा विसर्ग वाढेल, असं जलसंपदा विभागानं कळवलं आहे.’

हे ६५ शब्द झाले, म्हणजे पस्तीस सेकंदांच्या आसपास. अर्ध्या मिनिटातच बसवायचं असेल, तर ‘धरण नव्वद टक्क्यांहून अधिक भरलं आहे’ हे वाक्य जाईल. शेवटचं वाक्य शेवटी आहे म्हणून ते कापायचा मोह होतो, पण पुढच्या काही तासांत काय होऊ शकतं ते त्यातच आहे.

कुणी सांगितलं हे इथे वाक्याच्या शेवटी ‘असं…’ लावून आलं आहे. मराठीत ते सहज वाटतं आणि सरकारी सूचनेला चालतं. आरोप किंवा वादग्रस्त दावा असेल, तर बोलणाऱ्याचं नाव आधी घ्या. नाहीतर वाक्य संपेपर्यंत तो दावा तुमच्या केंद्राचाच वाटतो, आणि मध्येच रेडिओ बंद करणाऱ्याला तो तसाच लक्षात राहतो. ‘त्यांनी’ हा शब्दही जपून वापरा. आदरार्थी एक माणूस आणि पाच माणसं, दोघांनाही आपण ‘त्यांनी’च म्हणतो. कागदावर वर पाहता येतं, कानाला ती सोय नाही. पद किंवा नाव पुन्हा घ्या.

भाषेचा एकच पोत ठेवा. ‘सांगितलं’, ‘प्रशासनानं’ असं सुरू केलं, की शेवटपर्यंत तसंच. छापील बातमीतून उचललेलं एखादं ‘करण्यात आले’ मध्येच राहिलं, तर वाचणाऱ्याचा सूर तिथे बदलतो आणि ऐकणाऱ्याला ते लगेच टोचतं. कंस आणि अवतरणचिन्हं ऐकू येत नाहीत, त्यांतला मजकूर वाक्यात तरी आणा किंवा काढा. ‘मिमी’ हे ‘मिलिमीटर’ असं पूर्ण लिहा.

कागदाबद्दल थोडक्यात: एका पानावर एकच बातमी, अक्षर मोठं, ओळींत मोकळी जागा, आणि वाक्य एका पानावरून दुसऱ्यावर न्यायचं नाही. पान उलटल्याचा आवाज माइक पकडतो.

ठळक बातम्यांसाठीची ओळ सगळ्यात शेवटी लिहा: ‘धरणातून विसर्ग सुरूच; नदीकाठच्या गावांना सावधगिरीचा इशारा.’ ती आधी लिहिली, तर पुढची बातमी तिच्या मागे फरफटते आणि पहिलं वाक्य तिचीच पुनरावृत्ती होतं.

मग मोठ्यानं वाचा. मनात वाचलेलं मोजत नाही, मनात सगळेच वेगानं वाचतात. जिथे जीभ अडखळली तिथे खूण करा आणि शब्द बदला. ‘पुनर्वसन प्रक्रियेसंदर्भातील’ असलं काही सापडेल, त्याचं ‘पुनर्वसनाबद्दल’ करा. दुसऱ्या कुणाला तरी कागद न दाखवता एकदाच ऐकवा आणि विचारा: पूल चालू आहे की बंद, आणि पाणी किती सोडलंय? पुलाचं उत्तर चुकलं, तर बातमी परत लिहा. पाण्याचा आकडा आठवला नाही, तर एवढं बिघडत नाही.