कोकच्या बिलावर कर की धुराचा परवाना?

"साहेब, कर भरला काय न् परवाना इकत घेतला काय, पैसं आमच्याच खिशातनं जाणार. मग ह्यात फरक तो काय?"

भट्टीतून जाणाऱ्या कार्बनवर सरकारने कर लावावा की तो सोडायचे परवाने वाटावेत, हा विषय निघाला की फौंड्रीमालक हेच विचारतात. कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या फौंड्र्यांचे, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यांचे, कॉस्टिंगचे हिशेब मी बरीच वर्षं केले. त्यामुळे उत्तर भट्टीवरच देतो. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत.

दोन फौंड्र्या घ्या. दोघींच्या भट्टीतून वर्षाला 1000-1000 टन कार्बन डायऑक्साइड जातो, त्यालाच इथे धूर म्हणू. पहिलीचा क्युपोला, म्हणजे कोकवर लोखंड वितळवायची भट्टी, जुना, हवा एकाच रांगेतून आत जाते आणि कोक भरमसाट जळतो. दोन रांगांतून हवा सोडायची सोय केली की कोक वाचतो. त्या हिशेबाने तिला एक टन धूर कमी करायला 400 रुपये पडतात, पण 200 टनांपर्यंतच. दुसरीने हे काम आधीच उरकलंय. आता तिला विजेच्या भट्टीवरच जावं लागेल, म्हणजे टनाला 2200.

सरकारने "दोघींनी 100-100 टन कमी करा" असा हुकूम काढला, तर खर्च 2 लाख 60 हजार. त्याऐवजी टनाला 1000 रुपये कर लावला, तर पहिली 200 टन कमी करेल, कारण 400 खर्चून 1000 वाचतात. दुसरी मुकाट्याने कर भरेल. आता कर नाही, दोघींना 900-900 टनांचे परवाने दिले असं धरा, म्हणजे तेवढाच धूर सोडायची मुभा आणि उरलेला परवाना विकता येतो. पहिली तरीही 200 टन कमी करेल आणि उरलेले 100 टनांचे परवाने दुसरीला विकेल. धूर दोन्ही वेळा 200 टनांनीच कमी झाला आणि तो कमी करायचा खर्च फक्त 80 हजार. इथपर्यंत तुमचं बरोबर आहे, फरक नाही.

फरक पडतो तो अंदाज चुकला की. ट्रॅक्टरवाल्यांच्या ऑर्डरी वाढल्या आणि दोघींना 1200-1200 टनांची गरज लागली असं समजा. परवान्यांचा आकडा 1800 वरच अडलेला. पहिलीचे स्वस्तातले 200 टन संपले की परवान्याचा भाव 2200 कडे धावणार, नाहीतर भट्टी बंद. कर असता तर दर 1000 च राहिला असता, पण धूर 2200 टनांवर गेला असता. आता मंदी धरा, दोघी 850 वर आल्या. परवाने गरजेपेक्षा जास्त, भाव शून्य, आणि पहिली त्या हवेच्या रांगेला हातही लावणार नाही. कर असता तर मंदीतही तिने तो खर्च केला असता.

युरोपात हे खरोखर घडलं. 2005 मध्ये त्यांनी कार्बन परवान्यांचा बाजार सुरू केला. बहुतेक परवाने फुकट वाटले आणि तेही अंदाजाने. 2006 च्या एप्रिलमध्ये भाव 30 युरोंच्या आसपास होता. मग खरे मोजलेले आकडे बाहेर आले, परवाने जास्त वाटल्याचं कळलं आणि भाव काही दिवसांत निम्म्यावर आला. ते परवाने 2008 पासूनच्या धुरासाठी चालणार नव्हते, म्हणून 2007 अखेर भाव जवळपास शून्य झाला.

मग कुठली चूक परवडते? राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 43 फुटांवर गेली की धोका. तिथे अशी रेघ असते, ओलांडून चालत नाही. असं असेल तिथे आकडा बांधावा, म्हणजे परवाने. कार्बनचं तसं नाही. तो वर्षानुवर्षं साठत जातो, एका वर्षी शिरोलीतून 400 टन जास्त गेला म्हणून त्याच वर्षी काही कोसळत नाही. तिथे दर स्थिर असलेला बरा, म्हणजे मालकाला पाच वर्षांचा हिशेब मांडून भट्टी बदलता येते. काजळीची गोष्ट वेगळी, ती आजच शेजारच्या वस्तीच्या छातीत जाते. सुरतेत 2019 पासून कापडाच्या कारखान्यांत काजळीच्या परवान्यांचा बाजार चालला, तो मला म्हणूनच पटतो. त्यांनी शहाणपणही केलं. परवान्याचा भाव किलोला 5 रुपयांच्या खाली आणि 100 च्या वर जाऊ नये अशी सोय ठेवली. पण त्यासाठी प्रत्येक चिमणीवर सतत मोजणारं यंत्र लागलं.

कार्बनला एवढा खटाटोप नको. एक टन कोक जळला की सुमारे 3 टन कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे टनाला 1000 चा कर हा कोकच्या बिलात टनाला 3000 रुपये. मोजमाप ट्रकच्या वजनकाट्यावरच झालं. म्हणून आपल्या फौंड्र्यांसाठी माझं मत कराच्या बाजूने.

यावर एक मालक हमखास विचारतात, "आणि त्यो पैसा जातो कुठं?" 2010 मध्ये कोळशावर टनाला 50 रुपये उपकर लागला, स्वच्छ ऊर्जेच्या नावाने. 2016 पर्यंत तो 400 झाला. 2017 मध्ये जीएसटी आला आणि तोच पैसा राज्यांच्या नुकसानभरपाईकडे वळला. हे सांगताना माझा आवाज जरा खाली येतो, आणि ते मालक चहा मागवतात.