पोपटी की हिरवा?

श्रावणात सोलापुरात कुठे हिरवं दिसलं की आम्ही आधी त्याचा फोटो काढतो. हसू नका. वर्षातले बाकीचे महिने इथे ऊन आणि धूळ हेच दोन रंग जास्त पाहायला मिळतात.

गेल्या श्रावणात आईला घेऊन हिप्परग्याच्या तलावावर गेलो होतो. गुडघाभर गवत, त्यात फुललेली एक बाभूळ, मागे कडुनिंबांची रांग आणि बाभळीशेजारी हळदी रंगाच्या साडीतली आई. घरी येऊन फोटो लॅपटॉपवर उघडला, तर गवत रेडियमच्या पाटीसारखं चमकत होतं.

आई मागून डोकावली. "अरे, याला हिरवा म्हणतात होय? हा तर पोपटी!"

साडीला ब्लाउजपीस जुळवण्यात तिचं आयुष्य गेलं आहे, तेव्हा वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी फोटो सुधारायच्या लाइटरूम या सॉफ्टवेअरमधलं रंगांचं पॅनल उघडलं. तिथे आठ रंग असतात आणि प्रत्येकाला तीन स्लायडर. ह्यूने रंग शेजारच्या रंगाकडे सरकतो, सॅच्युरेशनने गडद किंवा फिका होतो, ल्युमिनन्सने उजळतो किंवा काळवंडतो. गवत हिरवं, म्हणून सरळ ग्रीनचं सॅच्युरेशन उणे ५० वर नेलं. गवत जवळपास तसंच राहिलं. मागचे कडुनिंब मात्र राख फासल्यासारखे झाले.

ते परत शून्यावर आणलं आणि पॅनलच्या कोपऱ्यातलं ते गोल चिन्ह घेतलं, जे फोटोवरच धरून ओढता येतं. गवतावर टेकवून खाली ओढलं, तर ग्रीन जेमतेम हललं आणि यलो धाडकन खाली आलं. म्हणजे मी इतका वेळ भलत्याच कप्प्यात हात घालून बसलो होतो.

याचं कारण पानातच आहे. पानातलं हरितद्रव्य लाल आणि निळा उजेड बराचसा शोषून घेतं आणि मधला परत पाठवतं. त्या परत आलेल्या उजेडाचा जोर असतो साधारण ५५० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे पिवळसर हिरव्यात. संगणकाच्या रंगचक्रावर पिवळा ६० अंशांवर आणि हिरवा १२० वर बसतो. कोवळं, उन्हातलं गवत या दोन्हींच्या मध्ये, बऱ्याचदा पिवळ्याच्याच अंगाला पडतं. आपण त्याला हिरवं म्हणून मोकळे होतो. आईजवळ त्यासाठी वेगळा शब्द होता, एवढंच.

मग यलोचं सॅच्युरेशन उणे २५ केलं. थोडा फरक पडला. ल्युमिनन्स उणे १५ केल्यावर मात्र गवत एकदम शांत झालं. डोळ्यांत खुपणारा हिरवा पुष्कळदा गडद नसतोच, नको इतका उजळ असतो. आपण मात्र आधी सॅच्युरेशनलाच झोडपतो आणि मग गवत वाळक्या चाऱ्यासारखं दिसतं म्हणून रडतो.

इथेच थांबायला हवं होतं. पण मला कोकण हवं होतं! यलोचा ह्यू उजवीकडे ३५ पर्यंत नेला. गवत भाताच्या खाचरासारखं दाट हिरवं झालं, आणि आई म्हणाली, "माझी साडी कुणी बदलली?"

साडी कैरीच्या रंगाची झाली होती. बाभळीच्या पिवळ्या फुलांचीही तीच गत. या स्लायडरला गवत, फूल, साडी यातलं काही ओळखता येत नाही. रंग त्याच्या पट्ट्यात बसला की तो सरकणार. ह्यू शून्यावर आणला, बदल तेवढ्याच भागाला लागावा म्हणून ब्रशने फक्त गवतावर मास्क काढला आणि मास्कच्या आतला ह्यू किंचित हलवला.

कडुनिंबांचं काम खरोखरच ग्रीनकडे होतं. ते गर्द दिसावेत म्हणून ल्युमिनन्स उणे ६० केलं. लांबून झकास दिसत होतं. १०० टक्के झूम करून शेंड्याच्या पानांची कड पाहिली, तर आकाशाला लागून पांढुरकी रेघ. कडेच्या पिक्सेलमध्ये पान आणि आभाळ मिसळलेलं असतं. पान काळवंडतं आणि ती मधली पट्टी उजळ राहून उघडी पडते. उणे २० वर आल्यावर रेघ गेली.

"झालं," मी म्हणालो. आई काही न बोलता उठली, कपाटातून खरीखुरी साडी काढून आणली आणि पदर स्क्रीनला लावला. "फिकी आलीय."

फिकी येणारच. यलोचं ते उणे २५ अख्ख्या फोटोला लागलं होतं, आणि उणे १५ पण. दोन्ही शून्यावर आणली आणि तशीच कपात गवताच्या मास्कमध्ये केली. साडीवर हळद परत चढली.

आईचं तरी समाधान होईना. घरातल्या दिव्यात रंग कळत नाही, दुकानातसुद्धा कापड दारात नेऊन बघायचं असतं, असं म्हणत तिने लॅपटॉप उचलून ओट्यावर नेला. दुपारच्या उन्हात स्क्रीनवर आमची दोघांची तोंडं सोडून काहीही दिसत नव्हतं.