अष्टविनायक, पण सहा दिवसांत : ज्येष्ठांच्या बसयात्रेचा वृत्तांत

पुण्याहून निघणाऱ्या बहुतेक अष्टविनायक बस दोन दिवस आणि एका मुक्कामात आठही गणपती उरकतात. ही यात्रा त्याच आठ देवळांची होती, फक्त सहा दिवसांची आणि पाच मुक्कामांची. बसमध्ये चोवीस यात्रेकरू, वयं बासष्ट ते एक्क्याऐंशी, सोबत एक परिचारिका, एक व्यवस्थापक आणि चालकाच्या जोडीला एक मदतनीस. यात्रेचा व्हिडिओ पाहून बऱ्याच घरांतून विचारणा होते, कारण त्यात सगळे निवांत, हसतमुख दिसतात. तो निवांतपणा कसा जमवला, ते व्हिडिओत दिसत नाही. ते इथे लिहिलं आहे.

आधी बसचं गणित. ज्येष्ठांच्या सहलीत वेळ किलोमीटरमध्ये जात नाही, चढण्या-उतरण्यात जातो. काठी सांभाळत, दांडा धरत एक माणूस उतरायला चाळीस सेकंद धरा. चोवीस जणांना सोळा मिनिटं लागली, परत चढायला तेवढीच. म्हणजे ‘वीस मिनिटांचा चहा’ हा प्रत्यक्षात पाऊण-एक तासाचा थांबा असतो. कार्यक्रमपत्रिकेत वीस मिनिटं लिहिली की उरलेला वेळ देवळातून कापला जातो, आणि मग व्यवस्थापक दारात उभा राहून ‘चला, चला’ करतो. म्हणून इथे दिवसाला दोनपेक्षा जास्त देवळं ठेवली नव्हती.

मार्ग असा होता. पहिल्या दिवशी थेऊर आणि चौफुला-सुपेमार्गे मोरगाव, मुक्काम मोरगावला. दुसऱ्या दिवशी सिद्धटेक करून संध्याकाळपर्यंत रांजणगाव. तिसऱ्या दिवशी सकाळी महागणपतीचं दर्शन आणि दुपारी ओझर. चौथा दिवस फक्त लेण्याद्रीचा, रात्र पुन्हा ओझरलाच. पाचव्या दिवशी महड आणि पाली, सहाव्या दिवशी परत. शास्त्रात सांगितलेला क्रम वेगळा आहे आणि तो मोरगावपासून सुरू होऊन मोरगावलाच संपतो. क्रम पाळायचाच असेल तर बसचे तास बरेच वाढतात, हे घरात आधी बोलून घ्यावं.

नकाशावर गावं टाकताना दोन ठिकाणी फसगत होते. हवं असतं खोपोलीजवळचं महड, आणि फोन दाखवतो दक्षिण रायगडातलं महाड. तसंच ओझर नाशिकजवळही आहे, विमानतळवालं. चालक नवा असेल तर ‘जुन्नर तालुक्यातलं ओझर’ असं सांगूनच निघावं.

तारीख निवडताना पंचांग समोर ठेवा. संकष्टी, अंगारकी, विनायकी चतुर्थी आणि रविवार टाळले की रांग निम्म्याहून कमी होते. चतुर्थी उलटली की पंचमी-षष्ठीला निघायचं आणि सोमवार ते शनिवार असे सहा दिवस पकडायचे. माघी आणि भाद्रपदातले दिवस तर सोडाच. ऋतू म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिलमध्ये लेण्याद्रीचा कातळ अनवाणी पायांना सोसत नाही.

बसमध्ये गादीवाल्या मागे झुकणाऱ्या खुर्च्या सगळेच दाखवतात. तुम्ही दारातली पहिली पायरी पाहा. मोठ्या बसची पहिली पायरी जमिनीपासून गुडघ्याच्या जवळपास उंच असते आणि गुडघेदुखीच्या माणसाची अर्धी ताकद तिथेच संपते. या बसमध्ये लाकडी पाट होता: निम्म्या उंचीचा, खाली रबर ठोकलेला, मदतनिसाने आधी उतरून ठेवायचा. रबर नसेल तर पाट फरशीवर सरकतो. व्हिडिओत हा पाट दोन सेकंद दिसतो, पण यात्रेकरूंनी सगळ्यात जास्त कौतुक त्याचंच केलं.

आता पाण्याचा प्रश्न. वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही या धास्तीने बहुतेक आज्या प्रवासात पाणीच पीत नाहीत. त्यात रक्तदाबासाठी लघवीची गोळी सकाळी घेतलेली असते. पाणी कमी, गोळी चालू आणि ऊन. मग तासभर बसून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. देवळाच्या उंबऱ्यावर पडण्याचं हे नेहमीचं कारण. उपाय दोन आहेत. दर दीड तासाला ठरलेला थांबा, आणि तो आधीच पाहून ठेवलेल्या, पाश्चात्त्य पद्धतीचं शौचालय असलेल्या ठिकाणी. थांबा नक्की आहे हे कळलं की माणसं आपोआप पाणी पितात. आणि प्रवासाच्या दिवशी ती गोळी मुक्कामी पोहोचल्यावर घेतली तर चालेल का, हे आपल्या डॉक्टरांना आधी विचारणं. आपल्या मनाने बदल नको, बंद तर मुळीच नको. थांब्यावर उठताना सगळ्यांना एक सवय लावली होती: आधी पावलं वरखाली दहा वेळा, मग एक मिनिट सीटच्या कडेवर बसून, मग उभं राहणं.

लेण्याद्रीचा दिवस मात्र सविस्तर सांगायला हवा, कारण खरी परीक्षा तिथेच होते. गिरिजात्मजाचं देऊळ बौद्ध लेण्यांच्या रांगेत, सातव्या लेण्यात आहे. पायऱ्या तीनशेच्या आसपास, दगडी आणि सारख्या उंचीच्या नाहीत. वर जायला पुरातत्त्व खात्याचं तिकीट लागतं. ओझरहून अंतर जेमतेम पंधरा किलोमीटर, तरी बस साडेसहाला सुटली, म्हणजे ऊन चढायच्या आत वरचं दर्शन होतं.

चोवीसपैकी नऊ जण पायी चढले, अकरा जण डोलीने गेले, चौघे खाली बसले. ही वाटणी पायथ्याशी करायची नाही, आदल्या रात्री करायची. पायथ्याशी शेजारी चढतो म्हणून माणूस चढायला निघतो आणि दीडशेव्या पायरीला अडकतो. डोलीचा दर वर-खाली दोन्हीचा मिळून आणि वर थांबण्याचा वेळ धरून आधीच बोलावा, पैसे खाली आल्यावर द्यावेत. बसताना पाठ पूर्ण टेकवून हात मांडीवर ठेवायचे. काठावर धरलेले हात वळणावर कठड्याला घासतात.

पायी चढणाऱ्यांसाठी नियम साधा. पंचवीस पायऱ्या, मग थांबा. थांबल्यावर एक पूर्ण वाक्य एका श्वासात बोलता आलं तर पुढे, नाही तर बसून घ्या. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. गुडघे दुखतात ते चढताना नाही, उतरताना, आणि नेमका तोच भाग व्हिडिओत नाही. माकडं खूप आहेत, ती प्लॅस्टिकच्या पिशवीवर झडप घालतात. प्रसाद आणि औषधं कापडी शबनममध्ये ठेवा, हात मोकळे ठेवा. मूर्ती कातळातच कोरलेली असल्यामुळे प्रदक्षिणा नाही. सभामंडप मात्र मोठा आहे आणि त्यात एकही खांब नाही. तिथे अर्धा तास नुसतं बसायला मिळालं, हे घाईच्या सहलीत होत नाही.

या दिवशी एक प्रसंग घडला. चौऱ्याहत्तर वर्षांच्या एका काकांनी घरच्या सवयीने सकाळी सहाला इन्सुलिन घेतलं. नाश्ता सव्वासहाला ठरला होता, पण पोहे यायला उशीर झाला आणि काका दोन घास खाऊन बसमध्ये बसले. शंभरेक पायऱ्यांनंतर त्यांना घाम फुटला, हात कापायला लागले, आणि एरवी मृदू बोलणारा माणूस वसकन अंगावर आला, ‘‘मला काही झालेलं नाही!’’ हा चिडकेपणा हेच लक्षण. परिचारिकेने तिथेच बसवून तपासलं, साखर 62. सत्तरच्या खाली आली की वाट पाहत बसायचं नसतं. तीन चमचे साखर अर्ध्या पेल्यात विरघळवून दिली. पंधरा मिनिटांनी 84. मग बिस्किटं आणि पोळीचा रोल, आणि काका डोलीने खाली. शेजारच्या बाईंनी मायेने पेढा पुढे केला होता, तो नको म्हणावं लागलं, कारण पेढ्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात हळू चढते. खडीसाखरही लवकर विरघळत नाही. खिशात साध्या साखरेच्या किंवा ग्लुकोजच्या पुड्या असाव्यात. माणूस गुंगीत असेल, गिळता येत नसेल तर मात्र तोंडात काहीही घालायचं नाही, थेट 108. दुसऱ्या दिवसापासून नियम झाला: ताट समोर आल्याशिवाय इन्सुलिन नाही. इन्सुलिन थर्मासमध्ये ठेवा, पण बर्फाला चिकटवून नको; गोठलं की ते वाया गेलं.

बसमधल्या वैद्यकीय सोयीची मर्यादाही समजून घ्या. रक्तदाब मोजता येतो, साखर आणि ऑक्सिजन तपासता येतो, खरचटलेलं बांधता येतं. हृदयविकार किंवा अर्धांगवायूवर बसमध्ये इलाज नाही, तिथे परिचारिकेचं काम वेळ न दवडण्याचं. मधुमेहींना छातीत दुखेलच असं नाही. नुसता दम लागणं आणि गार घाम पुरेसा इशारा आहे. तोंड वाकडं होणं, एक हात न उचलणं, बोबडं बोलणं यापैकी एक जरी दिसलं तरी ‘मुक्कामी जाऊन बघू’ म्हणू नका. या पट्ट्यात नारायणगाव, जुन्नर आणि मंचरला सरकारी रुग्णालयं आहेत, आणि चालकाला ती माहीत आहेत का हे निघण्यापूर्वीच विचारा. स्वतःची औषधं डिकीतल्या बॅगेत नव्हे, मांडीवरच्या पिशवीत, आणि दोन दिवसांची जादा.

बाकी देवळांचं थोडक्यात. सिद्धटेकला प्रदक्षिणा घालायची तर अख्ख्या टेकाडाला घालावी लागते, ती सोडली. रांजणगाव महामार्गावरच आहे, पण आवारातलं चालणं बरंच, चाकाची खुर्ची तिथे उपयोगी पडली.

पाचवा दिवस सगळ्यात लांब. ओझर ते महड साधारण सव्वाशे किलोमीटर, वाटेत चाकणची कोंडी आणि पुढे बोरघाट. सातला निघा, म्हणजे चाकण त्यातल्या त्यात लवकर मागे पडतं. घाटात ज्यांना मळमळतं त्यांना पुढच्या तीन रांगांत आणा आणि लोणावळ्याच्या थांब्यावर पोटभर खाऊ देऊ नका. पालीला पोहोचेपर्यंत सगळ्यांची पावलं सुजलेली असतात. त्या संध्याकाळी दर्शनाचा आग्रह धरला नाही. पाय उशीवर उंच ठेवून पडायचं एवढाच कार्यक्रम. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली, गरम लागली तर मात्र तो थकवा समजू नका, डॉक्टरांना दाखवा.

सकाळी पालीला आधी मागच्या धुंडीविनायकाचं दर्शन, मग बल्लाळेश्वराचं. फरशी सकाळी ओली असते, म्हणून हात धरून दोघादोघांनी. साडेनऊला बस सुटली आणि पुण्यात पोहोचेपर्यंत दोन थांबे घेतले.