डब्यात पापड नाही, कडक भाकरी आहे: मॅडमना लिहिलेल्या चिठ्ठीचा माझा अनुभव

जूनमध्ये लेक दुसरीत गेली आणि दुसऱ्याच आठवड्यात डायरीत शेरा आला, "रोज पापड देऊ नये. पोळी-भाजी द्यावी." मी आधी हसले आणि मग डोक्यावर हात मारला, कारण नवीन मॅडम मूळच्या कोकणातल्या, त्यांना आमची सोलापुरी कडक भाकरी म्हणजे पापडच वाटला, त्यात त्यांची काय चूक.

लेकीला सिलिअॅक आहे. गव्हातलं ग्लुटेन पोटात गेलं की तिचं शरीर स्वतःच्याच आतड्यावर उलटतं, मग खाल्लेलं अंगाला लागत नाही. दोन वर्षं आयर्नचं सिरप चालू होतं तरी हिमोग्लोबिन वाढेना, उंची थांबलेली, पोट नगाऱ्यासारखं. शेवटी टीटीजीची रक्त तपासणी आणि एंडोस्कोपी करून कळलं. (कुणाला शंका असेल तर तपासणीआधी गहू बंद करू नका हां, रिपोर्ट खोटाच नॉर्मल येऊ शकतो. आम्ही उत्साहात बंद करणारच होतो, डॉक्टरांनी थांबवलं.)

तर पहिली चिठ्ठी मी चांगली दोन पानी लिहिली, सगळा आजार, रिपोर्टची झेरॉक्स जोडून. मॅडमनी मान डोलावली आणि चारच दिवसांनी पाढे नीट म्हटले म्हणून सगळ्या पोरांसोबत हिलाही बिस्कीट दिलं, एकच तर आहे म्हणून. दुसऱ्या दिवशी पोट फुगलं, जुलाब, चिडचिड. राग आला, पण रात्री तीच चिठ्ठी परत वाचली तर लक्षात आलं की दोन पानांत बिस्कीट हा शब्दच नव्हता! आतडं होतं, अँटीबॉडी होती, आणि वर्गात नेमकं काय करायचं तेच नव्हतं.

मग दुसरी लिहिली, एकच पान, आणि सुरुवात डब्यापासून केली:

"मॅडम, डब्यात दिसतो तो पापड नाही, ज्वारीची कडक भाकरी आहे. ज्वारीत ग्लुटेन नसतं. साधी भाकरी सकाळी सातला केली तर मधल्या सुट्टीपर्यंत वातड होते, तिला चावत नाही, म्हणून पातळ थापून तव्यावर मंद आचेवर कडक करते. सोबत शेंगाचटणी आणि दही असतं, भाकरी चुरून दह्यात कालवून ती पोटभर खाते. भाजीत हिंग नसतो, कारण बाजारातल्या डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. ज्वारीसुद्धा बाहेरच्या गिरणीत दळत नाही, आधीच्या गव्हाचं पीठ जात्यात राहतं, म्हणून घरघंटीवर दळते. तवाही वेगळा आहे. एवढं सांभाळल्यावर कुणाच्या डब्यातला पोळीचा एक तुकडासुद्धा चालत नाही, आणि लगेच काही झालं नाही म्हणजे चाललं असंही नाही, आतून त्रास होतोच.

तुमच्याकडून तीनच गोष्टी हव्यात. बिस्कीट, केक, शेव-चिवडा काहीही देऊ नका. डबा वाटून खाऊ देऊ नका, तिचं दुसऱ्याला दिलं तर हरकत नाही पण दुसऱ्याचं तिला नको. आणि वाढदिवस असला की सोबत पाठवलेल्या डबीतला राजगिऱ्याचा लाडू द्या, म्हणजे ती एकटी रिकाम्या हाताने बसणार नाही."

शेव-चिवडा मुद्दाम लिहिला बरं का, म्हणजे शेव बेसनाची, चिवडा पोह्यांचा, गहू कुठंय असं कुणालाही वाटेल, पण फरसाणवाल्याच्या त्याच कढईत शंकरपाळी पण तळतात, आणि हिंग असतोच.

चिठ्ठी डायरीत न ठेवता मी स्वतः नेऊन दिली, सोबत कडक भाकरीचे दोन तुकडे आणि चटणी. चटणी आमच्यात उखळात कुटतात, भाजलेले शेंगदाणे, लसूण, जिरं, तिखट, मीठ, तेल सुटेपर्यंत कुटायची, मिक्सरला लावली की भुगा होतो. मॅडमनी करकर खाऊन बघितलं, ठसका लागला, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "अहो ताई, हे आधीच सांगायचं ना, मला वाटलं घाईत पापड भाजून देताय." मग वर्गातल्या कपाटात डबी ठेवून घेतली, वर तिचं नाव लिहिलं.

एकच अडचण उरली होती, पोरं. "तू रोज पापड खातीस" म्हणून चिडवायची. त्यावर मी काही केलं नाही, लेकीनंच चटणी वाटायला सुरुवात केली, आता मला शेंगदाणे दुप्पट कुटायला लागतात.

सहा महिन्यांनी टीटीजी परत केली, आकडा बराच खाली आलाय पण अजून नॉर्मल नाही, डॉक्टर म्हणाले वेळ लागतो. उंची मात्र दारावरच्या पेन्सिलीच्या खुणेच्या वर गेलीय. आणि परवा मॅडमचा शेरा आला डायरीत, "या महिन्यात पाच वाढदिवस झाले, लाडू संपले."